एका शोधाला दोन उत्तरे : चित्रफितींच्या शीर्षकांतील गोंधळ आणि त्याची सोडवणूक

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या पट्ट्यातील केळी उत्पादकाला पावसाळ्यात दोन रोगांची विशेष धास्ती असते. एक करपा, ज्याला शास्त्रीय भाषेत सिगाटोका म्हणतात. दुसरा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. बांधावरच्या भाषेत त्याला ‘हरण्या’ म्हणतात. २०२० च्या पावसाळ्यात या दुसऱ्या रोगाने जिल्ह्यातील बागांचे मोठे नुकसान केले. दोन्ही रोगांची पहिली खूण एकच वाटते : पान पिवळे पडू लागते. उपाय मात्र एकमेकांपासून अगदी निराळे आहेत. करपा बुरशीमुळे होतो. त्यात रोगट पानांचा भाग कापून नष्ट करतात आणि खनिज तेलासह प्रोपिकोनॅझोलसारखे बुरशीनाशक फवारतात. हरण्यावर कोणतीही फवारणी चालत नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करणे आणि विषाणू पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करणे, एवढेच हाती उरते. झाड उपटण्यास आठ दिवस उशीर झाला, तर तेवढ्या काळात मावा विषाणूला शेजारच्या झाडांवर नेतो.

आजचा शेतकरी अशा वेळी मोबाइल उघडतो आणि यूट्यूबवर ‘केळी पिवळी पडणे उपाय’ असे काही टाइप करतो किंवा बोलून शोधतो. त्याच्यासमोर कोणती चित्रफीत येते, यावर त्याचा पुढचा आठवडा अवलंबून असतो. कृषी विभागाचे कर्मचारी, शिक्षक, काही ग्रामपंचायती आणि हौशी शेतकरी आता स्वतःच्या वाहिन्यांवर, म्हणजे चॅनलवर, अशा चित्रफिती प्रसिद्ध करतात. त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. एकाच वाहिनीवरील दोन चित्रफिती एकाच शोधशब्दासाठी परस्परांशी स्पर्धा करू लागतात आणि ज्याला हरण्याची माहिती हवी, त्याच्यापुढे करप्याची चित्रफीत येते.

ही स्पर्धा कशी निर्माण होते, हे समजण्यासाठी रावेर तालुक्यातील एक वाहिनी कल्पून पाहू. पुढील शीर्षके आणि आकडे केवळ समजुतीसाठी योजले आहेत. गोंधळ मात्र सर्वत्र आढळणारा आहे. वाहिनीच्या चालकाने जुलैमध्ये करप्यावर चित्रफीत केली आणि तिला शीर्षक दिले : ‘केळीवरील रोग व उपाय | केळी पिवळी पडणे | संपूर्ण माहिती’. ऑगस्टमध्ये हरण्याचा प्रादुर्भाव दिसला, तेव्हा दुसरी चित्रफीत केली आणि आधीचेच शीर्षक थोडे फिरवून लिहिले : ‘केळीवरील रोग व उपाय | केळी पिवळी पडणे | भाग २’. चालकाच्या मनात दोहोंतील फरक पूर्ण स्पष्ट होता, कारण चित्रीकरण त्यानेच केले होते. शीर्षकात मात्र तो फरक कुठेच उतरला नाही. ‘संपूर्ण माहिती’ आणि ‘भाग २’ हे शब्द रोगाविषयी काहीच सांगत नाहीत. ‘भाग २’ तर अधिकच फसवा, कारण तो पाहणाऱ्याला आधी पहिला भाग पाहावा लागेल असे वाटते.

शोध कसा ठरतो

यूट्यूब कोणत्या शोधाला कोणती चित्रफीत दाखवायची, हे मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते, असे त्या कंपनीनेच वेळोवेळी सांगितले आहे. पहिली गोष्ट सुसंगती : शीर्षक, वर्णन आणि चित्रफितीतील आशय शोधलेल्या शब्दांशी किती जुळतो. दुसरी प्रेक्षकांचा प्रतिसाद : त्या शोधातून आलेल्यांनी ती चित्रफीत किती वेळ पाहिली. तिसरी गोष्ट गुणवत्ता : त्या विषयात ती वाहिनी किती विश्वासार्ह मानली जाते. चित्रफितीसोबत स्वतंत्र रकान्यात भरायचे ‘टॅग’ या सर्वांत फार कमी महत्त्वाचे असतात. शब्द नेहमी चुकीचा लिहिला जात असेल, तरच त्यांचा थोडा उपयोग होतो. अनेक चालक मात्र शीर्षक घाईत लिहितात आणि टॅगांच्या रकान्यात तीस-चाळीस शब्द भरण्यात वेळ घालवतात.

वरील दोन चित्रफितींचे शीर्षक जवळपास एकच असल्यामुळे सुसंगतीच्या कसोटीवर त्या सारख्याच ठरतात. वाहिनी एकच असल्याने विश्वासार्हताही सारखीच. मग निवड मुख्यतः प्रतिसादावर येते. यात जुनी चित्रफीत बहुधा पुढे असते, कारण तिच्यामागे अधिक प्रेक्षकांचा अनुभव असतो. परिणामी ऑगस्टमधील शोधालाही जुलैची चित्रफीत वर दिसते. ‘आपलीच चित्रफीत वर आहे, मग हरकत काय’ असे चालकाला वाटू शकते. हरकत एवढीच की, ती चुकीची आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एका वाहिनीच्या दोन चित्रफिती एका शोधात आल्या म्हणजे यूट्यूब त्या वाहिनीला शिक्षा करते, असे अनेकदा सांगितले जाते. तसा नियम नाही. चित्रफिती स्वतंत्रपणे तोलल्या जातात आणि एका शोधाच्या यादीत एकाच वाहिनीच्या तीन-चार चित्रफिती दिसणे नित्याचे आहे. नुकसान होते ते दोन प्रकारांनी. एक तर प्रेक्षक दोहोंत विभागले जातात आणि कोणतीच चित्रफीत ठळक होत नाही. दुसरे म्हणजे चुकीच्या चित्रफितीवर आलेला माणूस अर्ध्या मिनिटात निघून जातो आणि त्याचे निघून जाणे त्या चित्रफितीच्या खाती जमा होते. माहितीपर वाहिनीच्या दृष्टीने दुसरे नुकसान अधिक गंभीर होय.

गोंधळ आहे की नाही, हे कसे ओळखावे

अंदाजाने शीर्षके बदलण्यापूर्वी नोंदी पाहाव्यात. वाहिनीच्या चालकाला ‘YouTube Studio’ मध्ये ‘Analytics’ हा विभाग मिळतो. त्यात एकेका चित्रफितीसाठी प्रेक्षक कोठून आले याची यादी असते. त्या यादीतील ‘YouTube search’ ही ओळ उघडली की लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले ते दिसते. ‘Advanced mode’ मध्ये गेल्यास प्रत्येक शोधशब्दासमोर त्यातून आलेली दर्शने आणि सरासरी पाहण्याचा काळ हेही मिळते. दोन्ही चित्रफितींसाठी समान कालखंड निवडून या दोन याद्या कागदावर शेजारी शेजारी लिहून काढाव्यात. हे काम पडद्यावर करण्यापेक्षा कागदावर अधिक सोपे जाते.

आपल्या कल्पित वाहिनीच्या याद्या अशा निघाल्या असे समजू. ‘केळी पिवळी पडणे’ या शब्दांनी करप्याच्या चित्रफितीवर ४०० दर्शने आणि हरण्याच्या चित्रफितीवर ९० दर्शने. नऊ मिनिटांच्या पहिल्या चित्रफितीवर हे प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबले. आठ मिनिटांच्या दुसऱ्या चित्रफितीवर केवळ पन्नास सेकंद. मात्र ‘हरण्या रोग’ या शब्दांनी दुसऱ्या चित्रफितीवर आलेले थोडेसे प्रेक्षक पाच मिनिटांहून अधिक थांबले. याचा अर्थ, दुसऱ्या चित्रफितीचा आशय कमकुवत नाही. ती चुकीच्या दारात उभी आहे.

गोंधळाची ही खरी खूण : एकच शोधशब्द दोन्ही याद्यांत आहे, आणि त्या शब्दाने आलेला प्रेक्षक एका ठिकाणी थांबतो व दुसऱ्या ठिकाणाहून लवकर निघतो. शब्द समान असला तरी दोन्हीकडे प्रेक्षक सारखाच थांबत असेल, तर घाई करण्याचे कारण नाही.

परंतु या आकड्यांची एक मर्यादा सतत लक्षात ठेवावी लागते. करप्याच्या चित्रफितीवर चार मिनिटे थांबलेल्या चारशे दर्शनांपैकी कितींच्या बागेत खरोखर करपा होता, हे कोणतीही नोंद सांगत नाही. हरण्याची बाग असलेला शेतकरीही फवारणीची माहिती लक्षपूर्वक पाहील आणि बुरशीनाशक घेऊन येईल. पाहण्याचा काळ म्हणजे समाधान, समाधान म्हणजे योग्य उत्तर, असे समीकरण मांडता येत नाही. यासाठी कृषी सहायकाकडे येणारे दूरध्वनी, ग्रामसभेत विचारले जाणारे प्रश्न, ‘फवारले पण फरक पडला नाही’ अशा तक्रारी याच अधिक विश्वसनीय नोंदी होत. ज्याला शेताचे ज्ञान आहे, त्यानेच शीर्षकांचा निर्णय घ्यावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

लहान वाहिन्यांना आणखी एक अडचण येते. दर्शने फार थोडी असतील तर शोधशब्दांची यादी अपुरी मिळते. अशा वेळी हाताने पडताळणी करावी. स्वतःच्या नेहमीच्या मोबाइलवर शोधून उपयोग नाही, कारण यूट्यूब त्या व्यक्तीचा पूर्वीचा इतिहास लक्षात घेते आणि चालकाला त्याच्याच चित्रफिती वर दाखवते. खासगी खिडकी उघडून शोधावे, किंवा ज्यांनी ती वाहिनी कधी पाहिलेली नाही अशा तीन-चार जणांना त्यांच्या मोबाइलवर तेच शब्द शोधण्यास सांगावे.

कोणता शब्द कोणाकडे ठेवावा

शीर्षके वेगळी करणे म्हणजे दोन निरनिराळी वाक्ये लिहिणे नव्हे. प्रत्येक चित्रफीत कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी ठरवावे लागते. करप्याची चित्रफीत ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो असा : ‘खालच्या, जुन्या पानांवर तपकिरी ठिपके आले आहेत, त्यांच्या मध्यभागी राखाडी रंग आहे, काय फवारावे?’ हरण्याच्या चित्रफितीचा प्रश्न असा : ‘नव्या, कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उठले आहेत, पान आकसते आहे, झाड ठेवावे की उपटावे?’ हे दोन प्रश्न एकमेकांशी अजिबात भांडत नाहीत. भांडण होते ते ‘केळी पिवळी पडणे’ या मोघम शब्दांवरून.

म्हणून नवी शीर्षके अशी करता येतील :

‘केळीचा करपा (सिगाटोका) : खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, फवारणी केव्हा?’

‘हरण्या रोग, केळी (सीएमव्ही) : नव्या पानांवर पिवळे पट्टे, झाड उपटावे का?’

या दोहोंत प्रेक्षकाला जे दिसते ते आहे, आणि त्याला जे करायचे आहे तेही आहे. रोगाचे शास्त्रीय नाव मध्ये आले. ते ज्यांना माहीत आहे त्यांना उपयोगी पडते. परंतु शेतकऱ्याला नाव माहीत नसते म्हणूनच तो शोधत असतो. नावावर विसंबलेले शीर्षक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लक्षणावर आधारलेले पोहोचते. ‘हरण्या’ हा बांधावरचा शब्द येथे विशेष मोलाचा आहे. तो करप्याच्या चित्रफितीत चुकूनही येत नाही, त्यामुळे या एका शब्दाने दोन चित्रफितींमध्ये स्पष्ट सीमा आखली जाते. प्रमाण भाषेचा आग्रह धरून असे शब्द शीर्षकातून गाळणारे चालक स्वतःचेच नुकसान करून घेतात.

मग ‘केळी पिवळी पडणे’ या शब्दांचे काय करावे? ते कोणत्याही एका रोगाच्या चित्रफितीला देऊ नयेत. याचे कारण खान्देशच्या हवामानात आहे. ऑगस्टमध्ये हे शब्द शोधणाऱ्याच्या मनात करपा किंवा हरण्या असतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरला की केळीला थंडीचा चरका बसतो, पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. त्या वेळी तेच शब्द शोधणाऱ्याला रोगाची नव्हे, थंडीपासून बचावाची माहिती हवी असते. शिवाय अन्नद्रव्यांची कमतरताही पान पिवळे करते. अशा शब्दासाठी तीन-चार मिनिटांची एक स्वतंत्र चित्रफीत करावी : ‘केळीचे पान पिवळे का पडते? चार कारणे कशी ओळखावीत’. तिच्यात उपाय सांगू नयेत. केवळ पाने शेजारी शेजारी दाखवून ओळख करून द्यावी आणि शेवटी येणाऱ्या पडद्यावर, तसेच वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत, पुढील योग्य चित्रफितीचे दुवे द्यावेत. मोघम शब्दाला एकच मालक मिळाला आणि त्याने प्रेक्षकाला योग्य दाराशी नेऊन सोडले, म्हणजे स्पर्धा मिटते.

चित्रफीत करणे शक्य नसेल, तर निदान एक प्लेलिस्ट करून तिला हे मोघम नाव द्यावे. ती चित्रफितीइतकी प्रभावी ठरत नाही, पण वाहिनीवर आलेल्याला वाट सापडते.

शीर्षकाची लांबी आणि लेखनाचा प्रश्न

यूट्यूबवरील शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते, कारण मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंताचे चिन्ह ही स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजली जातात. ‘केळी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, संगणक तो चार मोजतो. ‘हरण्या’ तीन अक्षरी दिसतो, मोजला जातो सहा. त्यातून मोबाइलच्या पडद्यावर शीर्षकाचा शेवटचा भाग बहुधा कापला जातो. म्हणून फरक सांगणारा शब्द पहिल्या दोन-तीन शब्दांत आला पाहिजे. वर हरण्याच्या शीर्षकात ‘केळी’च्याही आधी ‘हरण्या रोग’ हे शब्द आले, ते याच हेतूने. दोन्ही शीर्षके ‘केळीवरील रोग व उपाय’ने सुरू झाली, तर मोबाइलवर त्या दोन चित्रफिती एकसारख्याच दिसतात, मग पुढे कितीही वेगळे लिहिलेले असो.

समान शब्द पूर्णपणे काढून टाकावेत असा याचा अर्थ नाही. मालेगाव व खान्देश परिसरातील ‘छोटू दादा’च्या विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. त्यांतील ‘छोटू दादा ट्रॅक्टर वाला’ हे शीर्षक अनेकांना ठाऊक असेल. पात्राचे नाव सर्वत्र तेच, आणि लगेच पाठोपाठ तो धंदा, जो त्या एका चित्रफितीपुरताच आहे. ‘खान्देश’, ‘कॉमेडी’ असे सर्वांना समान शब्द शीर्षकाच्या शेवटी जातात. मनोरंजन आणि कृषिमाहिती यांत मोठे अंतर असले तरी शीर्षकाची ही बांधणी उचलण्यासारखी आहे.

लिपीचा प्रश्न याहून किचकट आहे. एकच माणूस कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत ‘keli karpa’ असे टाइप करतो. यावर तोडगा म्हणून काही चालक एकाच विषयाच्या दोन चित्रफिती चढवतात, एक देवनागरी शीर्षकाची, दुसरी रोमन लिपीतील शीर्षकाची. हे टाळावे, ती स्वतःच स्वतःशी लावलेली स्पर्धा होय. त्याऐवजी शीर्षक देवनागरीत ठेवून वर्णनाच्या पहिल्या ओळीत रोमन रूप एकदा लिहावे. अहिराणीतही हाच प्रश्न येतो. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तसे ‘केळ’चे ‘केय’. बोलून शोधणाऱ्याचा उच्चार यंत्र कसा टिपते, हे प्रत्येक वेळी सारखे नसते. अहिराणी बोलीतील चित्रफीत वेगळी असेल, म्हणजे तिचे निवेदनच अहिराणीत असेल, तर शीर्षकात ‘अहिराणीमा’ हा शब्द घालावा. तेवढ्याने प्रमाण मराठीतील चित्रफितीपासून ती वेगळी होते आणि प्रेक्षकालाही भाषेविषयी आधीच कल्पना येते.

बदल करताना

शीर्षक बदलल्याने चित्रफितीचा दुवा बदलत नाही आणि जमा झालेली दर्शनेही पुसली जात नाहीत. ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही शीर्षके एकाच दिवशी बदलू नयेत, कारण मग कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळत नाही. ज्या चित्रफितीवर प्रेक्षक लवकर निघून जातो, तिचे शीर्षक प्रथम बदलावे. येथे ती हरण्याची चित्रफीत. जी स्थिर आहे, तिला लगेच हात लावू नये. पहिल्या बदलानंतर सुमारे चार आठवडे थांबावे आणि मग याद्या पुन्हा लिहून काढाव्यात. अपेक्षित बदल असा की, हरण्याच्या चित्रफितीच्या यादीतून ‘केळी पिवळी पडणे’ हे शब्द मागे सरकतील, ‘हरण्या’, ‘केळी पिवळे पट्टे’, ‘सीएमव्ही’ असे शब्द पुढे येतील आणि सरासरी पाहण्याचा काळ वाढेल. एकूण दर्शने काही काळ घटली तरी बिघडत नाही. पन्नास सेकंदांत परतणारे नव्वद प्रेक्षक गेले आणि त्यांच्या जागी पाच मिनिटे थांबणारे तीस आले, तर चित्रफीत आपले काम करू लागली असे समजावे.

ऑगस्टमधील यादीची तुलना ऑक्टोबरच्या यादीशी करणे मात्र फसवे ठरते. पाऊस ओसरला की शोधच कमी होतात आणि ती घट शीर्षकामुळे झाली असा भास होतो. शक्य असेल तेव्हा मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करावी.

शीर्षक बदलून चित्रफितीवरील लघुचित्र तसेच ठेवले, ही नेहमीची चूक. दोन्ही लघुचित्रांवर पिवळे पान आणि ठळक अक्षरांत ‘केळी रोग’ असेल, तर घाईत पाहणारा शीर्षक वाचतच नाही. करप्याच्या चित्रावर तपकिरी ठिपक्यांचे जुने पान, हरण्याच्या चित्रावर पट्टे उठलेले कोवळे पान, एवढा फरक पुरेसा आहे. निवेदनाच्या पहिल्या वीस सेकंदांतही ‘ही माहिती हरण्याची आहे, करप्याची नाही’ असे स्पष्ट सांगितलेले असावे. जुन्या चित्रफितीत ते नसेल, तर काही करता येत नाही. यूट्यूबवर चित्रफितीचा काही भाग कापता येतो, पण त्याच दुव्यावर नवी चित्रफीत बसवता येत नाही.

जेव्हा फरक केवळ काळाचा असतो

केळीच्या उदाहरणात दोन चित्रफितींचे विषय भिन्न होते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा किंवा साक्री तालुक्यात ग्रामपंचायतीची वाहिनी चालवणाऱ्यांना वेगळ्याच प्रकारची स्पर्धा आढळते. ई-पीक पाहणीचा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. शेतकऱ्याने मोबाइलवरील ॲपमधून आपल्या पिकाची नोंद स्वतः करायची, ही त्यामागील कल्पना. त्यानंतर ॲपच्या आवृत्त्या बदलत गेल्या, पडदे बदलले, नावापुढे ‘डीसीएस’ ही अक्षरे आली. प्रत्येक हंगामासाठी नवी चित्रफीत झाली आणि प्रत्येकीचे शीर्षक होते ‘ई-पीक पाहणी कशी करावी’. येथे प्रश्न एकच आहे, उत्तर मात्र जुने झाले आहे. जुन्या चित्रफितीवर अनेक वर्षांची दर्शने साचलेली असल्यामुळे ती नव्या चित्रफितीच्या वर राहते. शेतकरी त्यात दाखवलेली कळ आपल्या मोबाइलवर शोधत बसतो, ती सापडत नाही, आणि नोंदीची मुदत निघून जाते.

येथे लक्षणांनी किंवा बोलीभाषेच्या शब्दाने सीमा आखता येत नाही. शीर्षकाच्या आरंभीच हंगाम आणि वर्ष घालणे हा पहिला उपाय : ‘खरीप २०२१ ची ई-पीक पाहणी (जुने ॲप)’. ‘जुने ॲप’ हे दोन शब्द लिहिताना चालकाचा हात अडखळतो, कारण आपलीच चित्रफीत कालबाह्य झाली हे जाहीर करावे लागते. तरीही ते लिहावे. त्याबरोबर वर्णनाच्या पहिल्या ओळीत चालू हंगामाच्या चित्रफितीचा दुवा द्यावा, म्हणजे साचलेला प्रेक्षकवर्ग नव्या चित्रफितीकडे वळतो. ‘नवीन’, ‘लेटेस्ट’ असे शब्द मात्र शीर्षकात घालू नयेत. पुढच्या खरिपात तेही जुने होतात आणि मग वाहिनीवर तीन ‘नवीन’ चित्रफिती एकमेकींशी भांडत बसतात.

जुनी चित्रफीत आता केवळ चूकच शिकवत असेल, तर तिला ‘Unlisted’ करावे. तसे केल्यावर ती शोधात येत नाही, पण ज्यांच्याकडे दुवा आहे, ज्या शाळेच्या किंवा तलाठी कार्यालयाच्या संदेशांत तो पूर्वी पाठवला गेला आहे, त्यांना ती दिसत राहते आणि वर्णनातील नवा दुवाही सापडतो. पुसून टाकल्यास तो जुना दुवा मृत होतो आणि पाहणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. पुसणे हा शेवटचा उपाय.

सर्वच समान शीर्षकांच्या मागे लागण्याचे कारण नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाईचा उत्सव असतो. त्या सुमारास ‘कानबाईची गाणी’ शोधणाऱ्याला एकाच वाहिनीवरची पाच गाणी मिळाली, तर तो एकामागून एक ऐकत राहतो. त्याला कोणतेही एक उत्तर नको असते. कोणतेही गाणे चालते. तेथे शीर्षकांत ‘कानबाई’ हा शब्द सर्वत्र राहू द्यावा, गाण्याचे पहिले शब्द तेवढे पुढे घ्यावेत, आणि शोधशब्दांच्या याद्या लिहून काढण्याचा वेळ केळीच्या बागेसाठी राखून ठेवावा.